परीक्षकांना मुद्देनिहाय उत्तर आटोपशीर कसे करावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव आणि कराड परिसरातील महाविद्यालयांमध्ये काम करणारे अनेक संशोधक आपला शोधलेख जर्नलकडे पाठवतात, काही महिन्यांनी ‘मेजर रिव्हिजन’चा ईमेल येतो आणि त्यासोबत दोन किंवा तीन परीक्षकांची मते येतात. त्यानंतर लिहिले जाणारे उत्तरपत्र कित्येकदा मूळ लेखापेक्षाही लांब होते. असे उत्तरपत्र छाटताना सौजन्य कमी होऊ नये आणि एकही मुद्दा अनुत्तरित राहू नये, यासाठी काय ठेवावे आणि काय काढावे, एवढ्याच विषयावरील प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरपत्र प्रत्यक्षात इंग्रजीत लिहायचे असले तरी त्याची बांधणी दिसावी म्हणून नमुने मराठीत दिले आहेत, आणि नमुन्यासाठी घेतलेला हळदीवरचा लेख, त्यातील आकडे आणि ओळींचे क्रमांक काल्पनिक आहेत.

उत्तरपत्र किती पानांचे असावे?

बहुतेक जर्नले उत्तरपत्राला पानांची मर्यादा घालत नाहीत, त्यामुळे पाने मोजण्यात अर्थ नाही. मोजायचे असेल तर एका मागणीला किती वाक्ये लागली, ते मोजावे. साध्या दुरुस्तीला एक वाक्य पुरते, पद्धतीविषयीच्या प्रश्नाला तीन ते पाच वाक्ये लागतात, आणि परीक्षकांची सूचना न स्वीकारण्याचे ठरले असेल तर एक परिच्छेद लागतो. चाळीस मागण्या असलेले उत्तरपत्र बारा पानांचे होणे स्वाभाविक आहे; सहा मागण्यांचे उत्तरपत्र बारा पानांचे झाले असेल, तर न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यात शिरली आहेत, असे समजावे.

हे पत्र कोण आणि कसे वाचतो, हे लक्षात घेतले तर लांबीचा अंदाज आपोआप येतो. प्रथम संपादक ते चाळतात आणि पुष्कळदा त्याच परीक्षकांकडे परत पाठवतात. परीक्षकांनी मधल्या काळात इतर लेख वाचलेले असतात. आपण काय विचारले होते, लेखकांनी त्याचे काय केले आणि ते लेखात कोठे दिसेल, या तीन गोष्टी त्यांना शोधाव्या लागू नयेत.

मग उत्तरे लांबतात कशामुळे?

माझ्या पाहण्यात मुख्य कारण एकच येते : जो मजकूर लेखात जायला हवा, तो उत्तरपत्रात अडकून पडतो. परीक्षक विचारतात, ‘नमुने कसे निवडले?’ लेखक उत्तरपत्रात दोन परिच्छेद लिहून निवड समजावून सांगतात आणि लेखात मात्र एखादा शब्द बदलतात. परीक्षकांना जे समजले नाही ते पुढे वाचकांनाही समजणार नाही, म्हणून खुलाशाची जागा लेखातच आहे. खुलासा लेखात गेला की उत्तरपत्रात ‘निवडीची पद्धत आता ओळी १०२ ते १०९ मध्ये दिली आहे’ एवढे लिहून त्यातील नेमके वाक्य उद्धृत केले की पुरते. लांब उत्तरातले प्रत्येक वाक्य घेऊन ‘हे वाचकाला हवे आहे का?’ असे विचारावे. हवे असेल तर ते लेखात हलवावे. नको असेल आणि परीक्षकांनी विचारलेलेही नसेल, तर काढून टाकावे. या एका चाळणीतून बहुतेक उत्तरे निम्म्यावर येतात.

दुसरे कारण धास्तीचे असते. आपली तयारी कमी वाटू नये म्हणून विषयाची पार्श्वभूमी, आपल्या आधीच्या लेखांचा उल्लेख आणि प्रयोगाला पडलेले कष्ट यांची भर पडत जाते. परीक्षकांच्या निर्णयाशी त्याचा काही संबंध नसतो.

जागा वाचवण्यासाठी परीक्षकांच्या मतांचा सारांश दिला तर चालेल का?

चालत नाही. परीक्षकांचे शब्द जसेच्या तसे आणि पूर्ण द्यावेत, त्यांच्या टंकनदोषांसकट द्यावेत, आणि काटछाट फक्त आपल्या उत्तरांत करावी. सारांश करताना नकोसा भाग नकळत गळतो, आणि आपली मागणी सौम्य करून मांडली आहे हे परीक्षकांच्या चटकन लक्षात येते. एकदा असा संशय आला की पुढची सर्व उत्तरे ते मूळ पत्र शेजारी ठेवून वाचतात. मत आणि उत्तर वेगळे दिसावे म्हणून मत तिरप्या अक्षरांत किंवा समास सोडून द्यावे. केवळ रंगाने फरक दाखवला तर काळ्या-पांढऱ्या छपाईत तो नाहीसा होतो.

एकाच मतात तीन-चार गोष्टी विचारलेल्या असतील तर?

मुद्दे सुटतात ते बहुधा येथेच. परीक्षक परिच्छेदाने लिहितात, आणि एका परिच्छेदात एक आक्षेप, एक प्रश्न आणि जाता जाता केलेली एक सूचना असते. लेखक आक्षेपाने अस्वस्थ होतात, त्यालाच लांबलचक उत्तर देतात आणि उरलेल्या दोन गोष्टी तशाच राहतात. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी मतांची छापील प्रत घेऊन प्रत्येक मागणीखाली रेघ मारावी. प्रश्नचिन्ह असलेले वाक्य ही मागणी असते हे उघड आहे. परंतु ‘हे कळत नाही’, ‘येथे आश्चर्य वाटते’, ‘लेखकांनी कदाचित विचार केला असेल’ अशी वाक्येही मागण्याच असतात. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यावा : दुसऱ्या परीक्षकांचे तिसरे मत असेल तर २.३अ, २.३आ, २.३इ. परीक्षकांचा परिच्छेद अखंड ठेवून त्याखाली या उपक्रमांकांनी उत्तरे द्यावीत.

एखादे उत्तर छाटून दाखवता येईल का?

समजा, लेख मिरज तालुक्यातील हळदीवर आहे. दहा शेतांवरची ओली हळद घेऊन प्रत्येक शेताच्या मालाचे दोन ढीग केले. एक ढीग काहिलीत पाण्यात उकळून शिजवला, दुसरा बॉयलरच्या वाफेवर शिजवला, आणि वाळवणीनंतर दोन्हींतील कुरकुमिनचे प्रमाण मोजले. दुसऱ्या परीक्षकांचे तिसरे मत असे आहे :

‘लेखकांनी कुरकुमिन केवळ स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२५ नॅनोमीटरला मोजले आहे. या पद्धतीत तिन्ही कुरकुमिनॉइड एकत्र मोजले जातात, मग एचपीएलसी का केली नाही? प्रत्येक ढिगातून किती नमुने घेतले हेही कळत नाही. शीर्षकातील “कुरकुमिन” हा शब्द अशा स्थितीत योग्य आहे का, याचा लेखकांनी विचार करावा.’

लेखकांचा पहिला मसुदा असा आहे :

‘परीक्षकांनी अत्यंत मोलाचा आणि विचारप्रवर्तक मुद्दा उपस्थित केला, याबद्दल आम्ही त्यांचे मनःपूर्वक आभारी आहोत. सांगलीची हळद देशभर प्रसिद्ध असून तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, त्यामुळे तिच्या गुणवत्तेचा अभ्यास अत्यंत गरजेचा आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरची पद्धत सोपी, स्वस्त आणि जगभर स्वीकारलेली असून अनेक संशोधकांनी तिचा यशस्वी वापर केला आहे. आमच्या महाविद्यालयात एचपीएलसीची सुविधा उपलब्ध नाही आणि बाहेरून चाचणी करून घेणे खर्चिक आहे. तरीही नमुने अत्यंत काळजीपूर्वक घेतले असून मोजमाप विश्वासार्ह आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करू इच्छितो. पुढील अभ्यासात एचपीएलसीचा वापर करण्याचा आमचा मानस आहे. शीर्षकाविषयीच्या सूचनेचा आम्ही आदर करतो.’

या मसुद्यात सौजन्याची कमतरता नाही, परंतु तीन मागण्यांपैकी एकीलाही धड उत्तर मिळालेले नाही. नमुने किती घेतले, हे ‘काळजीपूर्वक घेतले’ या शब्दांमागे हरवले आहे. शीर्षक बदलले की नाही, हे ‘आदर करतो’ यावरून समजत नाही. एचपीएलसीबाबत लेखकांनी सुविधेची अडचण सांगितली, पण परीक्षकांचा प्रश्न निष्कर्षाच्या व्याप्तीचा होता. भौगोलिक मानांकनाची माहिती खरी असली, तरी ती कोणी विचारलेली नाही.

छाटलेले उत्तर असे होईल :

‘२.३अ. मान्य आहे. या पद्धतीने एकूण कुरकुमिनॉइडचेच प्रमाण कळते आणि एचपीएलसी केलेली नसल्यामुळे तिन्ही घटकांचे वेगवेगळे प्रमाण आम्हाला सांगता येत नाही. शिजवण्याच्या दोन पद्धतींमुळे एकूण प्रमाणात पडणारा फरक हा लेखाचा विषय असल्याने निष्कर्ष आता तेवढ्यापुरताच ठेवला आहे. ओळी २४१ ते २४३ मध्ये हे वाक्य जोडले आहे : “या मोजमापावरून कुरकुमिन, डिमेथॉक्सिकुरकुमिन आणि बिसडिमेथॉक्सिकुरकुमिन यांच्या परस्पर प्रमाणात बदल झाला की नाही, हे ठरवता येत नाही.”

२.३आ. प्रत्येक ढिगातून तीन नमुने घेतले आणि प्रत्येक नमुना दोनदा मोजला. हे आता ओळी ११८ ते ११९ मध्ये दिले आहे.

२.३इ. शीर्षक, सारांश, तक्ता २ आणि आकृती ३ यांत “कुरकुमिन” याऐवजी “एकूण कुरकुमिनॉइड” असा बदल केला आहे.’

मसुद्यातील स्तुती गेली, सुविधेची तक्रार गेली, पुढील अभ्यासाचे आश्वासनही गेले. तरी परीक्षकांना आता तिन्ही ठिकाणी हो किंवा नाही म्हणता येते. ‘मान्य आहे’ हे दोन शब्द आभाराच्या चार ओळींपेक्षा जास्त सौजन्य दाखवतात, असे माझे मत आहे. कारण त्यात परीक्षकांचे म्हणणे खरोखर ऐकल्याचे दिसते.

सुविधा नाही, हे खरे कारण असेल तर ते सांगूच नये का?

सांगावे, पण एकट्या त्याच कारणावर उभे राहू नये. यंत्र नसणे हे प्रयोग न करण्याचे कारण होऊ शकते. दावा टिकण्याचे कारण ते होऊ शकत नाही. ते यंत्र नसतानाही लेखातील निष्कर्ष का टिकतो, किंवा किती आवळून घेतला म्हणजे टिकेल, हे आधी लिहावे आणि अडचण एका उपवाक्यात सांगावी. वरच्याच उदाहरणात परीक्षकांनी ‘साठवलेल्या पुडीवर एचपीएलसी करा’ असा आग्रह धरला, तर एक शास्त्रीय कारणही उपलब्ध आहे : कुरकुमिन प्रकाशाने विघटित होते, आणि मागील हंगामाची पुडी अंधारात, बंद डब्यात ठेवली गेली नसेल, तर तिच्यावरचे आजचे मोजमाप त्या वेळच्या प्रमाणाची ग्वाही देऊ शकत नाही. पुडी नीट ठेवलेली असेल, तर मात्र नकारापूर्वी बाहेरच्या प्रयोगशाळेत चाचणी करून घेणे शक्य आहे का, याचा विचार करावा.

नकार थोडक्यात दिला तर उद्धट वाटत नाही का?

नकार हे एकच ठिकाण असे आहे की जेथे मी लेखकांना वाक्ये वाढवायला सांगतो. दुरुस्ती स्वीकारताना परीक्षकांना कारण नको असते, नाकारताना ते हवेच असते. क्रम मात्र सांभाळावा. परीक्षकांची चिंता कोणती आहे हे आपल्या शब्दांत एका वाक्यात मांडावे, सूचना स्वीकारली नाही हे स्पष्ट सांगावे, कारण द्यावे, आणि तरीही त्या चिंतेसाठी लेखात काय बदल केला ते शेवटी सांगावे. बदल काहीच केला नाही, अशी वेळ शक्यतो येऊ देऊ नये. निदान मर्यादेचे एक वाक्य तरी जोडता येते.

परीक्षकांनी दुसऱ्या हंगामाची आकडेवारी मागितली, असे धरू. आपल्याकडे हळदीची लागण साधारण मे-जूनमध्ये होते आणि काढणी जानेवारीपासून पुढे चालते, म्हणजे ही मागणी पूर्ण करायला एक वर्ष लागेल. उत्तर असे देता येते : ‘एका हंगामातील फरक हवामानामुळे पडलेला असू शकतो, ही परीक्षकांची शंका रास्त आहे. दुसऱ्या हंगामाची आकडेवारी आम्ही या लेखात देऊ शकत नाही, कारण पुढील पीक काढणीस येण्यास सुमारे एक वर्ष आहे. दोन्ही ढीग एकाच शेताचे आणि एकाच काढणीचे असल्यामुळे हंगामाचा परिणाम दोन्हींवर सारखाच झाला आहे. तथापि वेगळ्या हंगामात फरकाचे मान तेवढेच राहील, असा दावा आता लेखात नाही (ओळी २५०–२५३), आणि शीर्षकात “एका हंगामातील” असे शब्द घातले आहेत.’ हे पाचसहा ओळींचे उत्तर आहे आणि त्यातील एकही वाक्य काढता येत नाही.

‘आम्ही नम्रपणे असहमत आहोत’ हे वाक्य पत्रात एकदा आले तर चालते; चार वेळा आले की त्यातील नम्रता संपते आणि असहमती तेवढी उरते.

आभार किती वेळा मानावेत?

प्रत्येक परीक्षकाच्या विभागाच्या सुरुवातीला एकदा, आणि तेही शक्यतो नेमक्या गोष्टीसाठी : ‘सांख्यिकी चाचणीविषयीच्या मतामुळे लेखाचा मुख्य निष्कर्ष बदलला, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत.’ प्रत्येक मुद्द्यापाशी ‘बहुमोल सूचनेबद्दल धन्यवाद’ लिहिले की तिसऱ्या मुद्द्यापासून ते कोणी वाचत नाही. विद्यापीठाला अर्ज करताना ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करतो की’ असे लिहिण्याची सवय आपल्या हाताला लागलेली असते आणि ती इंग्रजीतही उतरते. मसुदा छाटताना ही प्रास्ताविके प्रथम काढावीत.

सौजन्य खरे बिघडते ते वेगळ्याच वाक्यांनी. ‘हे ओळ ९६ वर आधीच दिले आहे’ हे वाक्य छोटे आहे, परंतु त्यातून तुम्ही वाचलेच नाही, असे ऐकू येते. त्याऐवजी ‘ही माहिती पूर्वी पद्धतीच्या शेवटी होती आणि तेथे ती सहज दिसत नव्हती, आता ती पहिल्या परिच्छेदात, ओळ ८८ वर आणली आहे’ असे लिहावे. वाक्य थोडे लांबले तरी हरकत नाही. शिवाय परीक्षकांच्या नजरेतून ती माहिती सुटली असेल, तर ती हलवणे लेखाच्याही हिताचे आहे. ‘परीक्षकांचा गैरसमज झाला आहे’ हेही असेच वाक्य आहे. ‘आमची वाक्यरचना संदिग्ध होती’ असे लिहून वाक्य सुधारावे.

कोणत्या ठिकाणी मुळीच काटछाट करू नये?

परीक्षकांच्या सूचनेमुळे निकाल बदलला असेल, तेथे. हळदीच्याच लेखावर पहिल्या परीक्षकांनी असे म्हटले, असे समजा : ‘दोन्ही ढीग एकाच शेतातील असताना स्वतंत्र गटांची टी-चाचणी का वापरली? येथे जोडीची चाचणी हवी.’ आक्षेप बरोबर आहे. शेताशेतांत मुळातच मोठा फरक असतो, आणि स्वतंत्र गटांच्या चाचणीत तो फरक शिजवण्याच्या फरकावर पसरून त्याला झाकून टाकतो. लेखकांनी चाचणी पुन्हा केली. सरासरी फरक पूर्वीप्रमाणेच ०.३ टक्के राहिला, कारण सरासरी चाचणीने बदलत नाही; परंतु ९५ टक्के विश्वास-अंतर पूर्वी उणे ०.१ ते ०.७ होते, ते आता ०.१ ते ०.५ झाले. म्हणजे ‘दोन पद्धतींत फरक आढळला नाही’ हा लेखाचा निष्कर्ष उलटला.

येथे ‘सूचनेनुसार चाचणी बदलली, तक्ता ३ पाहावा’ एवढेच लिहिणे हे संक्षेपाच्या नावाखाली लपवणे ठरेल. जुना आकडा, नवा आकडा, त्यामुळे बदललेला निष्कर्ष आणि तो ज्या ज्या ठिकाणी बदलला त्या सर्व जागा, म्हणजे सारांश, निकाल, तक्ता ३ आणि समारोप, हे सर्व उत्तरात यायलाच हवे. इतकेच काय, संपादकांना लिहिलेल्या वेगळ्या पत्रातही हा बदल पहिल्या परिच्छेदात सांगावा, कारण दुसऱ्या परीक्षकांनी जुन्या निष्कर्षावर मत दिलेले असते आणि त्यांना हा बदल अन्यथा कळणार नाही. प्रत्येक ढिगाचे तीन नमुने स्वतंत्र न धरता त्यांची सरासरी घेऊन दहाच जोड्या मोजल्या, हेही येथेच एका वाक्यात सांगावे. तो प्रश्न पुढच्या फेरीत हमखास येतो.

दोन परीक्षकांनी एकच मुद्दा मांडला असेल तर उत्तर दोनदा द्यावे का?

पूर्ण उत्तर एकदाच, जेथे मुद्दा अधिक सविस्तर मांडला गेला आहे तेथे द्यावे. दुसऱ्या ठिकाणी मात्र नुसते ‘१.४ पाहावे’ असे लिहू नये, निर्णय एका वाक्यात सांगून मग निर्देश द्यावा : ‘नमुन्यांची संख्या आता दिली आहे (ओळी ११८–११९), सविस्तर उत्तर २.३आ येथे आहे.’ परीक्षक बहुधा आपलाच विभाग वाचतात.

दोघांच्या सूचना परस्परविरोधी असतील, म्हणजे एक म्हणतात चर्चा कमी करा आणि दुसरे म्हणतात वाढवा, तर दोघांनाही दुसऱ्याचे मत सांगून आपण काय केले ते लिहावे. यात कोणाची बाजू घेतल्याचे दिसू नये. लेखाच्या प्रश्नाला धरून निर्णय घेतला, असे दिसावे. पेच मोठा असेल, तर उत्तरपत्र पाठवण्यापूर्वी संपादकांना दोन ओळींचा ईमेल करून विचारण्यात काही गैर नाही. आपल्याकडे हा मार्ग विनाकारण टाळला जातो.

परीक्षकांनी त्यांचेच वाटणारे पाच लेख उद्धृत करायला सांगितले आहेत. त्यावर काय लिहावे?

लेख वाचावेत. जे विषयाला धरून असतील ते घ्यावेत आणि कोठे घेतले ते सांगावे. बाकीच्यांविषयी एक वाक्य पुरेसे आहे : ‘उर्वरित तीन लेख औषधी उपयोगाविषयी असून शिजवण्याच्या प्रक्रियेशी त्यांचा थेट संबंध नसल्याने घेतलेले नाहीत.’ ते लेख परीक्षकांचेच आहेत, असा तर्क उत्तरपत्रात मांडू नये. केवळ स्वतःच्या लेखांची उद्धरणे वाढावीत म्हणून परीक्षकांनी अशी मागणी करू नये, असे प्रकाशन-नैतिकतेसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे. त्यामुळे दबाव वाटत असेल, तर ते संपादकांना स्वतंत्रपणे आणि शांत शब्दांत कळवावे.

‘इंग्रजी सुधारावे’ एवढेच मत आहे. त्याला उत्तर काय?

‘संपूर्ण लेखाची भाषा तपासली आहे, बदल खुणा केलेल्या प्रतीत दिसतील.’ एवढेच. आपली मातृभाषा इंग्रजी नाही, हे सांगण्याची किंवा त्याबद्दल क्षमा मागण्याची गरज नाही. हे वाक्य लिहिण्यापूर्वी भाषा खरोखर तपासलेली असावी, आणि उत्तरपत्राचीही. सुधारलेल्या लेखासोबत चुकांनी भरलेले उत्तरपत्र गेले, तर त्या एका वाक्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

टंकनदोषांसारखे किरकोळ मुद्दे एकत्र करावेत का?

परीक्षकांनी ते वेगवेगळे क्रमांक देऊन मांडले असतील, तर प्रत्येकासमोर ‘दुरुस्त केले, ओळ ५२’ असे लिहावे. वीस वेळा तेच लिहायला कंटाळा येतो, हे खरे. पण परीक्षकांना प्रत्येक मुद्द्यावर खूण करता येते. त्यांनीच यादी एका परिच्छेदात दिली असेल, तर ‘सर्व सात ठिकाणी दुरुस्ती केली आहे’ असे एकत्र उत्तर चालते, मात्र त्यांपैकी एखादी सूचना स्वीकारली नसेल, तर ती वेगळी काढून सांगावी.

ओळींचे क्रमांक चुकतात. काय करावे?

क्रमांक सर्वांत शेवटी भरावेत. मसुद्यात त्या जागी ठळक दिसणारी खूण ठेवावी, लेख पूर्णपणे अंतिम झाल्यावर एकाच बैठकीत सर्व क्रमांक घालावेत, आणि नंतर लेखातील एक शब्दही हलवू नये. खुणा केलेली प्रत आणि स्वच्छ प्रत यांतील ओळी जुळत नाहीत, म्हणून ‘सर्व क्रमांक स्वच्छ प्रतीनुसार आहेत’ असे पत्राच्या सुरुवातीला एकदा लिहावे. काही जर्नलांची ऑनलाइन यंत्रणा पीडीएफ तयार करताना आपले क्रमांक घालते. तशा वेळी त्या पीडीएफवरूनच क्रमांक घ्यावेत. बदललेले वाक्य उत्तरात उद्धृत केलेले असले, तर क्रमांक एकदोन ओळींनी चुकला तरी परीक्षकांना शोध घेऊन ते सापडते. एकदोन वाक्यांचा बदल उद्धृत करावा. अख्खा परिच्छेद नव्याने लिहिला असेल, तर फक्त जागा सांगावी.

मार्गदर्शक सर म्हणतात, उत्तर सविस्तरच हवे. त्यांना कसे सांगावे?

सरांशी संक्षेपाच्या तत्त्वावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही मसुदे समोर ठेवावेत. काढलेला मजकूर पुसून न टाकता वेगळ्या फाइलमध्ये क्रमांकानुसार जपून ठेवावा आणि ‘सर, हा परिच्छेद मी लेखातील चर्चेत हलवला आहे, उत्तरात त्याची जागा दिली आहे, आपण एकदा पाहून घ्याल का?’ असे विचारावे. मजकूर नाहीसा न होता हलला आहे, हे दिसल्यावर विरोध सहसा मावळतो. सरांचा आग्रह एखाद्या नकाराच्या उत्तरापुरता असेल, तर तेथे बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर असते.

काही सुटले नाही, याची खात्री कशी करावी?

दोन वाचने करावीत, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांनी. पहिल्या वाचनात परीक्षकांच्या मूळ ईमेलपासून सुरुवात करावी, आपण कापून चिकटवलेल्या मतांपासून नव्हे. कारण चिकटवताना एखादे मत गळलेले असू शकते, विशेषतः वेगळ्या जोडपत्रात किंवा लेखाच्या पीडीएफवर लिहिलेल्या टिपांमध्ये असलेले. रेघ मारलेली प्रत्येक मागणी उत्तरपत्रात शोधावी आणि तिच्या उत्तराचे फक्त पहिले वाक्य वाचावे. त्या एका वाक्यावरून ‘केले’, ‘अंशतः केले’ किंवा ‘केले नाही’ यांपैकी काय ते समजले नाही, तर उत्तर पुन्हा लिहावे.

दुसऱ्या वाचनात खुणा केलेल्या लेखापासून सुरुवात करावी. लेखातील प्रत्येक मोठा बदल उत्तरपत्रात कोणत्या तरी क्रमांकाखाली सापडला पाहिजे. जो सापडत नाही तो लेखकांनी स्वतःहून केलेला बदल असतो, आणि तो पत्राच्या शेवटी ‘इतर बदल’ या मथळ्याखाली दोन ओळींत सांगावा. त्याचप्रमाणे ‘जोडले आहे’ असे उत्तरात लिहिलेले प्रत्येक वाक्य लेखात खरोखर आहे का, हे पाहावे. सहलेखकांनी शेवटच्या क्षणी ते काढून टाकलेले असते, असा प्रकार पुष्कळदा घडतो. हे दुसरे वाचन लेखनात सहभागी नसलेल्या सहकाऱ्याकडून करून घेता आले तर उत्तम.

हे पत्र पुढे प्रसिद्ध होऊ शकते का?

काही जर्नले परीक्षकांची मते आणि लेखकांची उत्तरे लेखासोबत प्रसिद्ध करतात. ‘द ईएमबीओ जर्नल’मध्ये ही प्रथा २००९ पासून आहे. आपल्या जर्नलचे धोरण आधी वाचून घ्यावे. परीक्षण दोन्ही बाजूंनी अनामिक असेल, तर उत्तरपत्रात आपले किंवा महाविद्यालयाचे नाव येऊ देऊ नये. वरच्या पहिल्या मसुद्यात ‘आमच्या महाविद्यालयात सुविधा नाही’ आणि ‘सांगलीची हळद’ ही दोन वाक्ये एकत्र आली होती. त्यांवरून लेखक कोणत्या भागातले आणि कशा संस्थेतले, याचा अंदाज बांधणे अवघड नव्हते. फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव राहते, तेही पाठवण्यापूर्वी काढावे.